यादीत आहे, व्हॉट्सॲपवर नाही

शाळेच्या जुन्या तुकडीचा स्नेहमेळावा ठरला की सगळ्यात आधी एक यादी फिरू लागते. कुणीतरी काही वर्षांपूर्वी वहीत उतरवलेली, मग दुसऱ्या कुणी एक्सेलमध्ये चढवलेली, आणि मधल्यामध्ये दोघातिघांनी 'दुरुस्त' केलेली. समजा, ही यादी सांगलीतल्या एका शाळेच्या १९९६ सालच्या दहावीची आहे. ग्रुप काढायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं तो सगळे नंबर फोनमध्ये भरतो, व्हॉट्सॲप उघडतो, आणि बघतो तर बरेच जण दिसतात, बरेच दिसत नाहीत. मग निदानं सुरू होतात. 'तो व्हॉट्सॲप वापरतच नाही.' 'तिनं नंबर बदलला वाटतं.' एखाद्याबद्दल तर थेट, 'त्यानं मला ब्लॉक केलंय.' यातलं शेवटचं निदान हमखास चुकीचं असतं आणि आधीची दोन बऱ्याचदा.

याचं कारण असं, की ॲप ज्या प्रश्नाचं उत्तर देतं तो प्रश्न आपल्या मनातल्या प्रश्नापेक्षा फार लहान आहे. आपल्याला विचारायचं असतं, 'आमचा पाटील व्हॉट्सॲपवर आहे का?' ॲपला पाटील माहीत नाही. आपण परवानगी दिलेली असली, की ते फोनमधले नंबर कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतं आणि सर्व्हर प्रत्येक नंबरापुढे हो किंवा नाही म्हणतो. 'हो' म्हणजे एवढंच, की देशाच्या कोडसकट नेमक्या याच अंकांवर आत्ता एक खातं आहे. ते खातं कुणाचं, तो माणूस शेवटचा कधी आला, तो नंबर चालू सिमचा आहे की नाही, यातलं काहीच त्या 'हो'त नसतं. 'नाही'तही तो माणूस व्हॉट्सॲप वापरत नाही असं कुठे म्हटलेलं नसतं. या अंकांवर खातं नाही, इतकंच.

आणि अंक चुकण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे देशाचा कोड.

भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी, ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा. तो आपण कोड न लावता साठवतो आणि काही बिघडत नाही, कारण कोड नसलेला नंबर दिसला की व्हॉट्सॲप तो आपल्याच देशाचा धरतं. आपला देश म्हणजे आपलं खातं ज्या नंबरावर आहे त्या नंबराचा देश. सांगलीतल्या फोनात हे गृहीतक सांगलीतल्या मित्रांपुरतं बरोबर ठरतं. पण १९९६ च्या दहावीतले चारदोन जण एव्हाना परदेशी असणारच. त्यांनी नंबर दिले ते तिथल्या पद्धतीनं, आणि यादी करणाऱ्यानं ते तसेच लिहून घेतले. आता काय होतं ते एकेकाचं बघू, कारण चूक एकच असली तरी फळं वेगवेगळी मिळतात.

दुबईतला मित्र आपला नंबर ०५० ने सुरू करून सांगतो, एकूण दहा अंक. सुरुवातीचा शून्य हा नंबराचा भाग नसतो, तो देशातल्या देशात फोन लावताना पुढे जोडायचा असतो. तो काढला तर उरतात नऊ अंक, ५ ने सुरू होणारे. भारतात असा मोबाइल नंबर नाही. त्यामुळे हा मित्र कधीच दिसणार नाही, यादी कितीही वेळा रिफ्रेश केली तरी. +९७१ लावून, शून्य गाळून साठवला की लगेच दिसेल.

कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहणाऱ्या मैत्रिणीचा नंबर ४०८ ने सुरू होतो. अमेरिकेतले नंबरही दहाच अंकी, पण ४ ने सुरू होणारा मोबाइल आपल्याकडे नसतो. म्हणून तीही गायब.

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास मराठी मंडळी पुष्कळ. तिथल्या मित्राचा नंबर ७३२ ने सुरू होणारा, दहा अंकी. हा नंबर कोड न लावता साठवला की तो भारतीय मोबाइलसारखाच दिसतो, आणि +९१ लावून त्याच अंकांचा नंबर इथे कुणाकडे तरी असू शकतो. मग व्हॉट्सॲप म्हणतं, आहे. आपण खूश होऊन, 'काय रे गाढवा, ओळखलंस का?' असं लिहितो, आणि ते भलत्याच राज्यातल्या एका गृहस्थाला जातं. लंडनकडच्यांचं तर याहून गमतीचं. ब्रिटनमधला मोबाइल ०७ ने सुरू होतो, एकूण अकरा अंक. पुढचा शून्य काढला की उरतात दहा अंक, ७ ने सुरू होणारे. म्हणजे ब्रिटनमधला कुठलाही मोबाइल नंबर भारतीय फोनात भारतीय मोबाइलचं रूप घेऊ शकतो. तो +४४ लावून आणि शून्य गाळून लिहायला हवा. दुबईचा नंबर निदान गायब होऊन आपल्याला सावध तरी करतो. न्यू जर्सी आणि लंडनचे नंबर मात्र 'सापडल्या'चा आभास देतात, आणि माझ्या मते ही चूक जास्त वाईट, कारण ती तपासायची बुद्धीच होत नाही.

हाच खेळ उलट्या बाजूनेही चालतो. अमेरिकेत स्थायिक होऊन व्हॉट्सॲप तिथल्या नंबरावर नेलेल्या माणसाच्या फोनात सांगलीचे सगळे नंबर कोडशिवाय असतील, तर आता ते +१ लावून वाचले जातात. ९८५ हा लुइझियानातला क्षेत्र-क्रमांक आहे. ९८५ ने सुरू होणारा इथला मित्र तिकडे गेला की लुइझियानाचा रहिवासी ठरतो. नंबर बदलल्यावर 'सगळी नावं गेली, नुसते आकडे दिसतात' अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं मूळ बहुतेक वेळा हेच.

म्हणून यादीतला प्रत्येक नंबर, देशातलाही, + आणि देशाच्या कोडसकट लिहावा. एक्सेलमध्ये लिहिताना तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्यावा, नाहीतर ते सुरुवातीचं + आणि शून्य गिळून टाकतं, आणि मग कुठला नंबर कुठल्या देशाचा हे ओळखायची शेवटची खूणही जाते.

अंक नीट झाले की तपासणी सोपी आहे, आणि तिच्यासाठी नंबर साठवायचीही गरज नाही. व्हॉट्सॲपमध्ये नवीन चॅट उघडून वरच्या शोधाच्या जागी पूर्ण नंबर टाकला, की त्यावर खातं असल्यास ते समोर येतं. दुसरा मार्ग म्हणजे ब्राउझरमध्ये हा पत्ता टाइप करणं. इथे + नको, शून्य नको, मोकळी जागा किंवा रेघही नको. देशाचा कोड आणि लगेच नंबर:

```
https://wa.me/9198XXXXXXXX
```

खातं असेल तर चॅट उघडते, नसेल तर हा नंबर व्हॉट्सॲपवर नाही असं स्पष्ट सांगितलं जातं. दोन्हीत आपण काही लिहून पाठवत नाही तोवर समोरच्याला पत्ता लागत नाही. या मार्गाचा मोठा फायदा असा, की फोनातल्या संपर्कांच्या गोंधळाला तो पूर्ण वळसा घालतो. कारण काही नंबर केवळ आपल्याच फोनच्या अडवणुकीमुळे दिसत नसतात: ॲपला संपर्क वाचायची परवानगी नसते, किंवा आयफोनवर, २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ पासून, 'निवडक संपर्कच दाखवा' असं आपण कधीतरी दाबून विसरलेलो असतो. शोधात नंबर सापडतो आणि यादीत नाव दिसत नाही, असं असेल तर दोष समोरच्याकडे नाही, आपल्या सेटिंगमध्ये आहे.

आता खरोखरचं 'नाही' घेऊ. आपल्याकडे याचं अगदी साधं आणि सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे दोन सिम. 'हा कॉलिंगचा नंबर, व्हॉट्सॲपचा वेगळा' हे वाक्य महाराष्ट्रात कुठेही ऐकू येईल. इंटरनेटसाठी नवं सिम घेतलं, पण व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर राहिलं. किंवा घरच्या बाईंचं सिम नवऱ्याच्या फोनात आणि व्हॉट्सॲप मुलाच्या जुन्या फोनात. इथे नंबर चालू असतो, फोन केला तर माणूस उचलतो, आणि दुसरा नंबर विचारला की प्रश्न मिटतो.

दुसरं कारण ग्रामीण भागात विशेष दिसतं. बटणांच्या जिओफोनवर २०१८ पासून व्हॉट्सॲप चालायचं आणि कितीतरी घरांत पहिलं व्हॉट्सॲप तेच होतं. कायओएस नावाच्या ज्या प्रणालीवर हे फोन चालतात तिच्यासाठी ते नव्यानं उतरवून घेणं जून २०२४ मध्ये बंद झालं आणि पुढच्या वर्षी आधारही काढून घेतला गेला. तोच फोन अजून वापरणारा माणूस तसाच आहे, नंबरही तोच आहे, खातं मात्र हळूहळू मरतं. १२० दिवस कुणी फिरकलं नाही की व्हॉट्सॲप साधारणपणे खातं पुसून टाकतं. म्हणून मागच्या दिवाळीला ज्यांना शुभेच्छा पाठवल्या होत्या ते काका यंदा यादीतूनच नाहीसे होतात. त्यांनी काहीच केलेलं नसतं. उलट, काहीच न केल्यामुळे ते नाहीसे होतात.

लँडलाइनबद्दल मात्र घाईनं 'नाही' म्हणू नये. घरचा ०२३३ चा नंबर व्हॉट्सॲपवर नसणार हे खरं, पण व्हॉट्सॲप बिझनेससाठी लँडलाइन नंबर चालतो. पडताळणीचा आकडा एसएमएसऐवजी फोनवर बोलून सांगितला जातो, इतकाच फरक. त्यामुळे मेळाव्यासाठी सभागृह किंवा केटरर शोधताना त्यांचा लँडलाइन नंबरही तपासून बघावा. तो +९१ २३३ असा, शून्य गाळून.

'नाही'पेक्षा 'हो' अधिक फसवं असतं, असं मी वर म्हटलं ते केवळ देशाच्या कोडपुरतं नाही. बंद पडलेले मोबाइल नंबर कंपन्या पुन्हा वाटतात. किमान ९० दिवस तो नंबर नव्या ग्राहकाला दिला जात नाही, असं दूरसंचार नियामक ट्रायनं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. म्हणजे जुन्या यादीतला एखादा नंबर एव्हाना दुसऱ्याच्या खिशात असणं अगदी शक्य आहे. नव्या मालकानं त्यावर व्हॉट्सॲप उघडलं की ॲप 'हो' म्हणणार. ४५ दिवस न वापरलेल्या खात्याचा नंबर वेगळ्या फोनवर सुरू झाला, तर व्हॉट्सॲप तो नव्या माणसाकडे गेला असं समजून जुना फोटो आणि जुनी माहिती काढून टाकतं. पण आपल्या यादीत नाव आपण साठवलेलंच दिसत राहतं, त्यामुळे वरवर काही बदललेलं वाटत नाही. फोटो नाहीसा झाला किंवा भलताच फोटो आला, तर ती पहिली खूण.

परदेशातल्या मराठी मंडळींच्या बाबतीत याला एक वेगळं वळण आहे. व्हॉट्सॲप चालायला फोनात सिम असावंच लागलेलं नाही. नोंदणी झाली की ते इंटरनेटवर चालत राहायचं. त्यामुळे अनेकांनी देश सोडला तरी भारतातला नंबर व्हॉट्सॲपपुरता जपला. पण इथलं सिम रिचार्ज न झाल्यानं बंद पडलं, नंबर दुसऱ्याला गेला आणि त्यानं नोंदणी केली, की मूळ माणूस आपल्या फोनवर एका सकाळी बाहेर फेकला जातो. न्यू जर्सीतल्या वर्गमित्राचा 'जुना भारतीय नंबर' सापडला म्हणून आनंद होण्याआधी तो अजून त्याचाच आहे का, हे विचारून घ्यावं.

निरोप गेला तर पुढच्या खुणा वाचता यायला हव्यात. एक बरोबरची खूण म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत पोचला. दोन म्हणजे त्याच्या फोनपर्यंत. एकावरच अडकला असेल तर त्याचा फोन बंद असेल, इंटरनेट नसेल, ॲप काढून टाकलं असेल, किंवा त्यानं आपल्याला ब्लॉक केलं असेल. यातलं नेमकं कुठलं हे व्हॉट्सॲप मुद्दामच सांगत नाही. 'लास्ट सीन' न दिसणं, फोटो न दिसणं हेही ब्लॉकचे पुरावे नव्हेत, कारण ते कुणीही सरसकट लपवून ठेवू शकतं. ब्लॉक केल्यानं नंबर व्हॉट्सॲपवरून दिसेनासा होत नाही, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवावी; न दिसणाऱ्या मित्रावर ब्लॉकचा आळ घेणं म्हणूनच चूक. तसंच एखाद्याला ग्रुपमध्ये घेता येत नसेल, तर त्यानं अनोळखी लोकांना ती मुभा दिलेली नसेल. त्याला ग्रुपची लिंक पाठवावी लागते. पोचवता न आलेला निरोप सर्व्हरवर ३० दिवस थांबतो आणि नंतर पुसला जातो. महिनाभर एकाच खुणेवर असलेला निरोप पुढे कधी पोचेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही.

हे सगळं व्हॉट्सॲपचं. टेलिग्राम आणि सिग्नलवर न दिसण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते पूर्णपणे समोरच्याच्या मर्जीचं. 'माझ्या नंबरावरून मला कोण शोधू शकेल' हे तिथे ठरवता येतं. टेलिग्रामनं ही सोय २०१९ मध्ये हाँगकाँगची आंदोलनं चालू असताना दिली, कारण नंबरांची रांगच्या रांग फोनात भरून आंदोलकांची ओळख काढता येईल अशी भीती होती. तिथे 'फक्त माझे संपर्क' हा पर्याय निवडलेला माणूस आपल्याला दिसायचा, तर त्यानं आपला नंबर साठवलेला असावा लागतो. सिग्नलनं फेब्रुवारी २०२४ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं: 'कुणीही नाही' असं निवडलं, की नंबर तोंडपाठ असलेल्यालाही उत्तर मिळतं, या नंबरावर कुणी नाही. म्हणजे सिग्नलवरचं 'नाही' हे खरं 'नाही' असेलच असं नाही, आणि ते तसं ओळखू येऊ नये हाच त्या सोयीचा हेतू.

व्हॉट्सॲपवर असं लपून राहता येत नसण्याची किंमत नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळ्यांसमोर आली. व्हिएन्ना विद्यापीठ आणि एसबीए रिसर्च इथल्या संशोधकांनी आपण वर पाहिला तोच छोटा प्रश्न, 'या नंबरावर खातं आहे का', यंत्राकरवी विचारत सुटायचं ठरवलं. तासाला १० कोटींहून जास्त नंबर तपासले तरी त्यांना कुणी अडवलं नाही. शेवटी जगभरातली सुमारे ३५० कोटी खाती त्यांच्या हाती लागली. त्यात सगळ्यात मोठा वाटा भारताचा, जवळपास ७५ कोटी. निम्म्याहून अधिक खात्यांचा फोटो कुणालाही दिसेल असा उघडा होता. आपल्या यादीच्या दृष्टीनं त्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली: २०२१ मध्ये फुटलेल्या फेसबुकच्या डेटामधले जवळपास निम्मे नंबर अजूनही व्हॉट्सॲपवर जिवंत होते. संशोधकांनी मेटा कंपनीला हे कळवलं होतं आणि कंपनीनं त्यानंतर अशा तपासणीच्या वेगावर मर्यादा घातल्या.

या मर्यादांमुळे एकगठ्ठा तपासणी करून देण्याचे दावे करणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहिलेलं बरं. आपण त्यांना यादी देतो म्हणजे नावं आणि नंबर एका अनोळखी माणसाच्या हवाली करतो, आणि त्यासाठी आपलंच व्हॉट्सॲप त्यांना जोडून दिलं तर खातं बंद होण्याचा धोका वेगळाच. व्यवसायांनाही आता आधी विचारायची अधिकृत सोय राहिलेली नाही. मेटाच्या जुन्या व्यवस्थेत नंबर पाठवून 'वैध' की 'अवैध' असं उत्तर मिळायचं; सध्याच्या क्लाउड व्यवस्थेत निरोप पाठवूनच बघावं लागतं, आणि तो गेला नाही तर १३१०२६ असा आकडा परत येतो. त्याचा अर्थ 'पोचवता आलं नाही' इतकाच. नंबर व्हॉट्सॲपवर नाही, की ॲप जुनं आहे, की नव्या अटी मान्य केलेल्या नाहीत, हे त्यातून कळत नाही. क्लास किंवा दवाखान्याचे निरोप कुणापर्यंत जात नसतील, तर समोर बसलेल्या मुलीच्या हाती इतकीच माहिती असते.

शंभरेक नावांच्या यादीला मात्र कुठलं यंत्र लागत नाही. कोड लावून घेतल्यावर आणि एकेक नंबर शोधून पाहिल्यावर न सापडलेले थोडेच उरतात, आणि त्यांना सरळ फोन करावा. कॉलिंगचा नंबर वेगळा असलेले, जिओफोनवाले, ॲप काढून टाकलेले सगळे तिथेच उलगडतात. 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असं ऐकू आलं, तरच त्या नावापुढे काट मारावी आणि वर्गातल्या दुसऱ्या कुणाला विचारावं. आणि जे सापडले त्यांच्यातही, ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नाही त्यांना पहिला निरोप साधा ठेवावा: 'नमस्कार, मी अमुक शाळेच्या १९९६ च्या तुकडीतला अमुक. हा अमुक यांचाच नंबर ना?' हॉलचा पत्ता, वर्गणीचा क्यूआर कोड आणि बाकीच्यांचे नंबर असलेली यादी, हे सगळं उत्तर आल्यावर.